गुडघा कुठे दुखतो, ते आधी बोटानं दाखवा

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून जाते आणि त्याच रस्त्यानं परत उतरते. नवख्यांना धास्ती असते ती चढाची. दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, वेग निम्म्यावर येतो. पण वर छान पोचलेले कित्येक धावपटू अडकतात ते उतारावर. दम ठीक असतो, पायांत ताकद असते, तरी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचल्यासारखी कळ येते. पुढच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये ती इतकी वाढते की धावणंच थांबवावं लागतं. चालायला लागलं की दुखणं जवळपास नाहीसं होतं. पुन्हा धावायला लागलं की शंभर पावलांत हजर.

घरी आल्यावर सल्ले सुरू होतात. ‘वंगण संपलंय’, ‘वयाच्या मानानं जास्त होतंय’, ‘रस्त्यावर धावून हाडं झिजतात’. खरं तर धावणाऱ्यांच्या गुडघेदुखीत झीज हे कारण फार क्वचित असतं. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका क्रीडावैद्यक केंद्रात आलेल्या धावपटूंच्या २००२ दुखापतींची छाननी करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पहिल्या क्रमांकावर होती गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना आणि दुसऱ्यावर मांडीच्या बाहेरच्या पट्टीची, म्हणजे ‘आयटी बँड’ची. दोन्ही गुडघ्यातच दुखतात आणि धावण्यानंच होतात, म्हणून दोन्हींना सरसकट ‘रनर्स नी’ म्हटलं जातं. पण त्यांचं वागणं वेगळं आहे आणि उपचारांतल्या काही पायऱ्याही वेगळ्या आहेत. म्हणून सुरुवात ओळखण्यापासून.

एक बोट की अख्खा तळवा?

‘कुठे दुखतं?’ असं विचारल्यावर आयटी बँडचा रुग्ण बहुतेक वेळा एका बोटानं जागा दाखवतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या रेषेच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, मांडीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, नेमका तिथे. वाटीचा रुग्ण मात्र तळवा वाटीवर ठेवून गोल फिरवतो आणि म्हणतो, ‘इथे, आतून, सगळीकडे.’

दुसरी खूण वेळेची. आयटी बँडचं दुखणं घड्याळ लावल्यासारखं येतं. पहिले चार-पाच किलोमीटर काहीच नाही, मग ठरावीक अंतरावर सुरुवात आणि पुढे झपाट्यानं वाढ. जिना चढताना सहसा तक्रार नसते, उतरताना असू शकते. वाटीचं दुखणं धावण्यापुरतं थांबत नाही. जिना, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, मांडी घालून बराच वेळ जेवायला बसणं, एसटीत तीन तास गुडघा दुमडून केलेला प्रवास, या सगळ्यांत ते डोकं वर काढतं. उकिडवं बसताना वाटीभोवती दुखणं ही तर तपासणीतली सगळ्यांत उपयोगी खूण मानली जाते.

एमआरआयची घाई बहुतेकांना करावी लागत नाही. दोन्ही निदानं मुख्यतः ऐकून आणि हातानं तपासून होतात.

जी ताणली जात नाही, ती पट्टी

आयटी बँड म्हणजे स्नायू नव्हे. कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून खाली येऊन नडगीच्या हाडाला चिकटणारी ती तंतूंची जाड, चिवट पट्टी आहे. वरच्या टोकाला दोन स्नायू तिला ओढून धरतात: पुढून एक छोटा आणि मागून नितंबाचा मोठा. एका पायावर उभे असताना कंबर आणि गुडघा बाजूला ढळू नयेत, यासाठी या पट्टीचा ताण उपयोगी पडतो.

बरीच वर्षं समजूत अशी होती की गुडघा वाकताना आणि सरळ होताना ही पट्टी हाडाच्या उंचवट्यावरून पुढे-मागे घासते आणि त्या घर्षणानं सूज येते. २००६ साली शरीररचनेच्या अभ्यासकांनी बारकाईनं पाहिलं, तेव्हा दिसलं की पट्टी आतून मांडीच्या हाडाला तंतूंनी बांधलेली आहे. तिला तशी घसरायला मोकळीकच नाही. तिच्याखाली आहे चरबीचा एक पातळ थर, ज्यात नसांची टोकं आणि रक्तवाहिन्या भरपूर आहेत. गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो तेव्हा पट्टी या थराला हाडावर दाबते. दुखतो तो हा दबलेला थर.

या ३० अंशांतून बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळतात. रेंगाळत धावताना पाय जमिनीवर टेकतो त्या सुमारास गुडघा याच कोनातून जातो. उतारावर पाऊल पुढे पडतं, गुडघा कमी वाकलेला असतो आणि दाबाच्या या पट्ट्यात जास्त वेळ घालवतो. वेगानं धावताना पाय टेकतानाच गुडघा अधिक वाकलेला असतो. म्हणून काहींना संथ धावण्यात दुखतं आणि वेगाच्या सरावात कमी दुखतं. यात त्यांच्या मनाचे खेळ नसतात, कोनाचा हिशेब असतो.

फोम रोलरचा प्रश्नही इथेच सुटतो. जिममध्ये पट्टीवर रोलर फिरवत, दात-ओठ खात पडलेले धावपटू दिसतात. ‘पट्टी आखडली आहे, ती लांबवायची’ हा त्यामागचा विचार. पण ही पट्टी इतकी चिवट आहे की माणसाच्या हातांनी किंवा शरीराच्या वजनानं तिची लांबी मोजण्याइतकी बदलत नाही. रोलर फिरवल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, कारण मज्जासंस्था वेदनेची तीव्रता तात्पुरती कमी करते. नितंबाच्या आणि मांडीच्या मांसल भागावर रोलर जरूर फिरवा. पण दुखऱ्या उंचवट्यावर तो दाबणं म्हणजे आधीच दबलेल्या थराला आणखी दाबणं.

वाटी जागेवर, खालचं हाड फिरतं

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या खोबणीतून वर-खाली सरकते. धावताना वाटी आणि खोबण यांच्यामधला दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो आणि गुडघा जितका खोल वाकेल तितका वाढतो. हा दाब खोबणीच्या पुरेशा मोठ्या भागावर पसरला तर सांधा तो सहज पेलतो. थोड्या भागावर एकवटला तर कुर्चेखालचं हाड आणि आजूबाजूचे ऊतक कुरकुर करू लागतात.

पूर्वी सगळा दोष वाटीवर यायचा. ती बाहेर सरकते, मांडीचा आतला स्नायू कमजोर आहे, त्याला एकट्यालाच तयार करा, असं सांगितलं जाई. पुढे उभ्या स्थितीतल्या एमआरआयनं वेगळं चित्र दाखवलं. काही रुग्णांत वाटी बरीचशी जागेवर राहते आणि तिच्याखालचं मांडीचं हाड आत वळतं. गाडी रुळावरून घसरली असं वाटावं आणि पाहिलं तर रूळच सरकलेले असावेत, तसं. मग प्रश्न गुडघ्याचा कमी आणि मांडीचं हाड वरून धरून ठेवणाऱ्या खुब्याच्या स्नायूंचा जास्त होतो.

इथे दोन्ही दुखणी एकत्र येतात. एका पायावर वजन आल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकली, मांडी आत ओढली गेली, तर बाहेरची पट्टी ताणली जाऊन खालचा थर दाबते आणि वाटीखालची खोबणही फिरते. महिला धावपटूंवर झालेल्या एका अभ्यासात दुखणं सुरू होण्याआधीच त्यांच्या धावण्याची मोजमापं घेतली होती. पुढे ज्यांना आयटी बँडचा त्रास झाला त्यांची मांडी इतरांपेक्षा अधिक आत जात होती. पाऊल दुसऱ्या पावलाच्या रेषेत किंवा ती ओलांडून पडलं, म्हणजे एका दोरीवरून धावल्यासारखं, तरी पट्टीवरचा ताण वाढतो. पावलांमधलं अंतर किंचित रुंद केलं की तो कमी होतो.

मात्र या गोष्टींना एकट्यानं गुन्हेगार ठरवता येत नाही. मांडी आत जाणारे हजारो लोक आयुष्यभर न दुखता धावतात. खुब्याची कमजोरी कधी कारण असते, तर कधी दुखण्यामुळे स्नायूंनी काम कमी केल्याचा परिणाम. ठेवण ठरवते की भार वाढला तर आधी काय दुखेल. दुखणं सुरू होण्याचं निमित्त मात्र बहुतेक वेळा भारात झालेली अचानक वाढ असते. म्हणून उपचारांचा क्रम असा लागतो: आधी भार, मग ताकद, मग धावण्याची ढब.

घाटाच्या तयारीतला एक धावपटू

नेहमी दिसणाऱ्या तपशिलांतून जोडलेलं एक उदाहरण घेऊ. पुण्यातला अडतीस वर्षांचा बँक कर्मचारी. आठवड्याला २५ किलोमीटर, सगळे सपाटीवर. साताऱ्याला नाव नोंदवलं आणि तीन आठवड्यांत मजल ४२ किलोमीटरवर नेली, त्यात दोन दिवस घाट. तिसऱ्या रविवारी उतरताना सहाव्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याच्या बाहेर कळ आली. दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, रोज रोलर फिरवला. दुखणं गेलं असं समजून थेट दहा किलोमीटर धावायला गेला, तर चौथ्यालाच कळ.

विश्रांतीनं दबलेला थर शांत झाला होता, पण शरीराची भार पेलायची तयारी वाढली नव्हती. उलट दोन आठवड्यांत थोडी घटली होती. हा प्रकार इतका सर्रास होतो की ‘विश्रांती घेतली, तरी परत दुखलं’ हे वाक्य फिजिओथेरपिस्टला रोज ऐकू येतं.

तपासणीत उंचवट्यावर अंगठा दाबून गुडघा वाकलेल्या स्थितीतून हळूहळू सरळ केला, तेव्हा ३० अंशांच्या आसपास नेमकी तीच कळ आली. पायरीवरून एका पायानं हळू उतरताना डावी कंबर झुकत होती आणि उजवा गुडघा आत जात होता. मोबाइलवर मागून काढलेल्या व्हिडिओत पावलं मधली रेषा ओलांडत होती. मिनिटाला पावलं १५६.

पहिल्या दोन आठवड्यांत धावणं बंद आणि उतार पूर्ण बंद. न दुखणारं भरभर चालणं आणि पोहणं चालू. त्याच वेळी व्यायाम सुरू: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, पायांना रबरी बँड लावून आडवं चालणं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तीन फेऱ्या, शेवटची दोन-तीन आवर्तनं खरोखर जड जातील इतक्या जोरानं. तिसऱ्या आठवड्यापासून उभ्यानं एका पायाचे व्यायाम: पायरीवरून सावकाश उतरणं, एक पाय मागे ठेवून बैठक, हातात वजन घेऊन. आरशात पाहायचं ते इतकंच, कंबर समतल आहे ना आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं आहे ना.

हे व्यायाम किती उपयोगी पडतात? स्टॅनफर्डच्या एका जुन्या अभ्यासात आयटी बँडच्या २४ धावपटूंना सहा आठवडे खुब्याचे व्यायाम दिले आणि २२ जण वेदनेविना धावायला लागले. आकडा आकर्षक आहे. पण व्यायाम न करणारा तुलनेचा गट त्यात नव्हता. त्यामुळे श्रेय व्यायामाचं किती आणि उलटलेल्या वेळेचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

अर्धा तास भरभर चालून आणि वीस वेळा पायरी उतरून कळ येत नाही, हे परत धावण्याचं तिकीट. सुरुवात एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, अशी दहा वेळा, एक दिवसाआड. मग तीन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. मग सलग पंचवीस मिनिटं. एक नियम कडक: कळ जिथे येते त्याच्या अलीकडे थांबायचं. हे दुखणं सुरू झाल्यावर झपाट्यानं वाढतं, त्यामुळे ‘अजून एक किलोमीटर’ची किंमत पुढचे चार दिवस मोजावी लागते. आधी सपाटी, मग चढ, उतार सगळ्यांत शेवटी. चढ धावायचा आणि खाली रिक्षानं किंवा चालत यायचं. पुढे उतार पाचशे मीटरपासून वाढवत न्यायचा.

केडन्स: वेग तोच, पावलं जास्त

ताकद वाढली की धावण्याची ढब आपोआप सुधारेल, अशी अपेक्षा असते. तसं होत नाही. खुब्याचे स्नायू मोजून ताकदवान झाले तरी धावताना मांडी पूर्वीइतकीच आत जाते, असं प्रयोगांत दिसलं आहे. ढब बदलायची तर तिचा सराव धावतानाच करावा लागतो.

त्यातला सगळ्यांत सोपा बदल म्हणजे केडन्स, मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजायचं आणि चारनं गुणायचं. मग वेग तोच ठेवून ही संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायची. पाऊल आखूड होतं, शरीराच्या जवळ पडतं आणि गुडघ्याला एका पावलात झेलावा लागणारा भार घटतो. केडन्स दहा टक्क्यांनी वाढवल्यावर वाटीवरचा कमाल दाब सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाल्याचं मोजलं गेलं आहे. आपल्या बँक कर्मचाऱ्यानं १५६ वरून आधी १६४ आणि मग १६८ गाठायचे. मेट्रोनोमचं ॲप कानात, सुरुवातीला एक मिनिट ठेक्यावर, एक मिनिट ठेक्याविना. चूक होते ती इथे: पावलं वाढवताना वेगही वाढतो आणि फायदा धुऊन जातो. घड्याळावर वेग पाहत राहणं म्हणूनच गरजेचं. आणि १८० हा काही पवित्र आकडा नाही. उंची आणि वेगानुसार प्रत्येकाचा आकडा वेगळा, वाढ आपल्या आकड्यावरून धरायची. भार गुडघ्यावरून थोडा पोटरी आणि टाचेच्या नसेकडे जातो, त्यामुळे जुनं टाचेचं दुखणं असलेल्यांनी सावकाश जावं.

वाटी दुखत असेल तर

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी घ्या. मैदानी चाचणीत ८०० मीटर धावायचे, म्हणून रोज सकाळी मैदानावर धाव, वर शंभर उठाबशा आणि संध्याकाळी जिन्यावर सराव. महिन्याभरात दोन्ही वाट्या दुखू लागतात. इथे धावणं पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते. नियम निराळा आहे: दहापैकी दोनपर्यंतची वेदना चालेल, पण धावून झाल्यावर तासाभरात ती मूळपदावर आली पाहिजे. आली तर भार योग्य. संध्याकाळी जिना उतरताना गुडघा भरून आला, तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी.

कॅनडातच ६९ धावपटूंवर आठ आठवडे एक प्रयोग झाला. एका गटाला फक्त भार कसा सांभाळायचा ते शिकवलं, दुसऱ्याला त्याबरोबर व्यायाम, तिसऱ्याला त्याबरोबर केडन्सचं प्रशिक्षण. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. व्यायाम फुकट आहेत असा याचा अर्थ नाही. पण भार आवरला नाही तर बाकी सगळं कमी पडतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

या मुलीनं शंभर उठाबशा आधी थांबवायच्या, कारण खोल बैठकीत वाटीवरचा दाब सर्वाधिक. सुरुवात खुब्याच्या व्यायामांनी, त्यांत गुडघा फारसा दुखत नाही. मग भिंतीला पाठ टेकवून उथळ बैठक, अर्ध्यापेक्षा कमी वाकून, आणि वेदना दोनच्या आत राहील तसतशी खोली वाढवायची. खुबा आणि गुडघा दोन्हींचे व्यायाम एकत्र केल्यानं एकट्या गुडघ्याच्या व्यायामांपेक्षा अधिक फायदा होतो, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. वाटीला लावायची टेप किंवा तयार इनसोल पहिले काही आठवडे व्यायाम सुसह्य करतात. नुसत्या अल्ट्रासाउंड किंवा शेकाच्या मशिनवर महिनाभर पैसे घालवण्यात मात्र अर्थ नाही.

कधी थांबायचं

गुडघा सुजला, मध्येच अडकला, वजन टाकताना निसटल्यासारखा वाटला, रात्री झोपेतून उठवू लागला, तर ही दोन्ही दुखणी नव्हेत. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. जांघेत किंवा मांडीत खोल दुखून एका पायावर उडी मारता येत नसेल तर धावणं त्याच दिवशी बंद, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर गेलेली असू शकते. वाढीच्या वयातल्या मुलाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुबा तपासायला सांगा. तिथलं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

आणि बँक कर्मचाऱ्याची शर्यत? समजा दुखणं सुरू झालं तेव्हा हातात नऊ आठवडे होते. दोन विश्रांतीत गेले. व्यायाम, चाल-धाव आणि सलग धाव यांत आणखी सहा जातील. शर्यतीच्या आठवड्यात तो सपाटीवर आठ किलोमीटर न दुखता धावत असेल आणि उतार नुकताच सुरू झाला असेल. साताऱ्याचा उतार जवळपास अर्ध्या शर्यतीइतका, दहा किलोमीटरच्या घरात. पाचशे मीटर उतरू शकणाऱ्या गुडघ्याला तो देणं म्हणजे पहिल्या चुकीची उजळणी. यंदा नाव मागे घ्यायचं, व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचे आणि पुढच्या वर्षीच्या तयारीत आठवड्याची मजल वाढवण्याआधी उतार वाढवायचा, दोन्ही एकाच आठवड्यात नाही.